चेंडूची पहिली कसरत : माझा चेंडू फुग्यासारखा का वाटतो?

ओसरीतली_रेघ · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. दोन महिन्यांपासून घरी बसून ॲनिमेशन शिकते आहे. जुना लॅपटॉप आहे, त्यावर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलंय. ऑनलाइन शिकवणीत पहिला स्वाध्याय आला तो असा : उसळणारा चेंडू काढा आणि त्या एकाच चेंडूत स्क्वॅश-स्ट्रेच म्हणजे दबणं-ताणणं, अँटिसिपेशन म्हणजे हालचालीआधीची तयारी आणि फॉलो-थ्रू म्हणजे थांबल्यावरही मागच्या भागाचं हलत राहणं, ही तिन्ही तत्त्वं दिसू द्या.

मी काय केलं ते सविस्तर सांगते, म्हणजे चूक सापडेल. १९२० बाय १०८०चा कॅनव्हास, दर सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमसाठी. चेंडूचा व्यास १२० पिक्सेल. वरून जमिनीपर्यंत ७२० पिक्सेल अंतर आणि त्यासाठी सहा टप्पे, म्हणजे प्रत्येक चित्रात चेंडू १२० पिक्सेल खाली. मग उसळी ३६०ची, मग १८०ची, मग ९०ची. प्रत्येक उसळीला वर जायला सहा चित्रं, खाली यायला सहा. जमिनीवर आला की चपटा केला. अँटिसिपेशन म्हणून सुटण्याआधी वर हवेतच थोडा दाबला. फॉलो-थ्रू म्हणून शेवटी थांबल्यावर तीन-चार वेळा थरथरवला.

आबांना दाखवलं. ते चष्मा पुसून पुन्हा पाहून म्हणाले, "फुगा हाय का हा? का दोरीले बांधला हाय?" मी फुगा काढलाच नव्हता. कुठे चुकलं?

---

वऱ्हाडी_बाणा · सोमवार, रात्री १०:०५

ताई, गोल नीट आला नसन. हातानं काढला का? आधी कंपासनं गोल काढून घे कागदावर, मंग त्यावरून उतरव. चेंडू गोल नसला का फुग्यावानीच दिसते.

---

ओसरीतली_रेघ · सोमवार, रात्री १०:१२

गोल क्रितानंच काढलाय दादा, तो नेमका आहे. थांबलेलं एकेक चित्र पाहिलं तर चेंडूच दिसतो. चालवलं की फुगा होतो.

---

चौकट_चोवीस · सोमवार, रात्री ११:२०

शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर दिलंय. चूक चित्रात नाही, दोन चित्रांच्या मधल्या अंतरात आहे. मी अकरा वर्षं स्टुडिओत काम करून आता पुसदकडे गावी परत आलो आहे. नव्या मुलांचा चेंडू पहिल्यांदा जवळजवळ नेहमी असाच येतो.

स्क्वॅश, अँटिसिपेशन सगळं बाजूला ठेवा आणि नुसता टणक गोल घ्या. आबांच्या दोन्ही शंका वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

"दोरीले बांधला" हे वाटतं, कारण प्रत्येक चित्रात १२० पिक्सेल सारखंच अंतर आहे. सोडलेली वस्तू सारख्या वेगानं पडत नाही, वेग वाढत जातो. सारख्या वेळात ती पहिल्यांदा १ भाग पडते, मग ३, मग ५, मग ७, ९, ११. विषम संख्यांचा हा हिशोब गॅलिलिओचा आहे आणि तो इथं जसाच्या तसा लागू पडतो. तुमचे सहा टप्पे आहेत, म्हणून १ ते ११ या विषम संख्यांची बेरीज करा : ३६. ७२० भागिले ३६ म्हणजे २० पिक्सेलचा एक भाग. आता अंतरं अशी येतील : २०, ६०, १००, १४०, १८०, २२०. वरच्या टोकाला चित्रं एकमेकांवर चढलेली आणि जमिनीजवळ विरळ. ऑनियन स्किन, म्हणजे मागची-पुढची चित्रं फिकट दिसायची सोय, लावलं की ते एका नजरेत दिसतं.

आणखी एक गोष्ट जमली आहे, बहुतेक नकळत. सहा चित्रं म्हणजे १२ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात वस्तू साधारण सव्वा मीटर पडते, म्हणजे छातीएवढ्या उंचीवरून हातातला चेंडू सोडल्यासारखं. तुमच्या चेंडूचं पहिलं पडणं वेळेच्या हिशोबानं योग्यच आहे. फुगा पुढे होतो.

पुढे उंची निम्मी-निम्मी केलीत, पण वेळ तीच ठेवलीत. ९० पिक्सेलसाठी सहा चित्रं आणि ७२०साठीही सहाच. म्हणजे उसळीगणिक पृथ्वीचं ओढणं कमी होत गेलं. हलकं होत जाणारं काय असतं? फुगा.

उंची वेळेच्या वर्गानं बदलते. म्हणून उंची आधी ठरवू नका. चित्रांची संख्या ठरवा आणि तोच २० पिक्सेलचा भाग कायम ठेवा. वर जायला चार चित्रं घेतली तर चाराचा वर्ग १६, गुणिले २०, उंची ३२०. तीन घेतली तर १८०. दोन घेतली तर ८०. वर जाताना तीच अंतरं उलटी, म्हणजे चार चित्रांसाठी १४०, १००, ६०, २०. खाली येताना पुन्हा सुलटी. एवढं करा आणि आबांना परत दाखवा. काय वाटतं ते विचारू नका, "कशाचा आहे" ते विचारा.

---

मोबाईल_२४० · मंगळवार, सकाळी ७:५०

मी मोर्शीकडचा. काल हा धागा वाचून सकाळी अंगणात टेनिस बॉल टाकला आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमनं शूट केला. दोन गोष्टी सांगतो. जमिनीवर बॉल चपटा झालेला एका-दोन फ्रेममध्येच दिसतो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. आणि हवेत स्ट्रेच अजिबात नाही. वर, खाली, जमिनीला टेकायच्या आदल्या फ्रेमलाही पूर्ण गोल. म्हणजे स्ट्रेच हा प्रकारच खोटा हाय. ताई, काढून टाक तो. खरं हाय तेच काढ.

---

चौकट_चोवीस · मंगळवार, दुपारी १:१५

शूट केलंत हे फार चांगलं केलंत, आणि जे पाहिलं ते खरं आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष २४० फ्रेमला लागू पडतो, २४ला नाही.

ताईंचं शेवटचं अंतर बघा, २२० पिक्सेल. चेंडू १२०चा. म्हणजे शेवटच्या दोन चित्रांत चेंडू एकमेकांना शिवतच नाहीत, मध्ये १०० पिक्सेल जागा रिकामी आहे. डोळ्याला तिथं एक चेंडू जाताना दिसत नाही, दोन चेंडू लुकलुकताना दिसतात. तुमच्या फोनमध्ये ही फट पडत नाही, कारण सेकंदाचे २४० तुकडे आहेत. साध्या २४ फ्रेमच्या व्हिडिओतही फारशी खटकत नाही, कारण तिथं चेंडू पुसट, लांबट उमटतो. आपल्या रेघेच्या चित्रात तो पुसटपणा नसतो. त्याची जागा स्ट्रेच घेतो. चेंडू १५०पर्यंत लांबवला की फट ७०वर येते आणि डोळा ती भरून काढतो.

म्हणून माझा नियम असा : चित्रं एकमेकांवर चढत असतील तिथं गोल, सुटी व्हायला लागली की स्ट्रेच. ताईंच्या चेंडूत पहिली तीन अंतरं १२०च्या आत आहेत, तिथं स्ट्रेचची गरजच नाही. १४०ला थोडा, १८०ला आणखी, २२०ला सगळ्यात जास्त. पहिल्या, चार चित्रांच्या उसळीत फक्त १४०चं एकच अंतर १२०च्या बाहेर आहे, तिथं अगदी किंचित. त्यापुढे नाहीच. नवी मुलं सगळ्या उसळ्यांना सारखाच स्ट्रेच देतात, अगदी टोकावर चेंडू क्षणभर थांबतो तिथंही. मग तो साबणाच्या पाण्यातला वाटतो.

स्क्वॅश मात्र खऱ्यापेक्षा लांबवावाच लागतो. आपली एक फ्रेमच सेकंदाचा चोविसावा भाग आहे, खरा स्क्वॅश तिच्यात कितीतरी वेळा मावेल. पण तो दाखवला नाही तर चेंडू कशाचा आहे ते कळणार नाही.

---

झेडपी_गुरुजी · मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, यवतमाळकडे. आमच्या पाचवीच्या पोरांनी वहीच्या कोपऱ्यावर चेंडू काढून पानं फडफडवायचा खेळ केला होता. त्यांचाही चेंडू असाच तरंगत होता. मी तेव्हा पोरांना म्हणालो की पानं जोरात सोडा. जोरात सोडल्यावर चेंडू जोरात तरंगायला लागला! आज कळलं की अंतर बदलायला हवं होतं. आता पट्टीवर २ मिलिमीटरचा भाग धरून १, ३, ५, ७ मोजायला लावतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. खरा बॉल किती परत उसळतो याचा काही ठरलेला आकडा आहे का? सहावीच्या विज्ञानाला जोडता येईल.

---

मोबाईल_२४० · मंगळवार, सायंकाळी ७:०२

गुरुजी, टेनिसच्या नियमात हाय. नवा बॉल २५४ सेंटिमीटरवरून टाकला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे निम्म्याच्या थोडा वर. आपला गल्लीतला घासलेला बॉल त्यात बसन का नाई ते पोरांना मोजू द्या. शेणानं सारवलेलं अंगण आणि सिमेंटचा ओटा, दोन्हीवर मोजा, फरक दिसन.

चौकट दादा, फटीची गोष्ट पटली. परत साध्या २४ फ्रेमवर शूट करून पायला, बॉल खरंच लांबट पुसट दिसते. स्ट्रेच खोटा हाय हे माझं म्हणणं मागं घेतो.

---

ओसरीतली_रेघ · मंगळवार, रात्री १०:५०

संध्याकाळी वीज नव्हती म्हणून आत्ता बसले. चित्रं ६, ४, ३, २, १ अशी घेतली, भाग २०चाच. नुसता टणक गोल आधी चालवला आणि मला स्वतःलाच जाणवलं की आता वजन आलं. मग स्क्वॅश दिला : उंची ९०, रुंदी १५०. स्ट्रेच : लांबी १५०, रुंदी १२० तशीच ठेवली.

आता दोन अडचणी आहेत. चेंडू जमिनीला टेकतच नाही असं वाटतं, टेकायच्या आधीच हवेत चपटा होतो. आणि पडताना मोठा होत येतो, जणू आपल्याकडे येतोय.

---

चौकट_चोवीस · मंगळवार, रात्री ११:३०

दुसरी आधी. लांबी वाढवलीत आणि रुंदी तशीच ठेवलीत, म्हणजे चेंडूत जास्तीचं रबर कुठून आलं? सपाट चित्रात लांबी गुणिले रुंदी कायम ठेवायची. तुमचं १२० गुणिले १२० म्हणजे १४,४००. लांबी १५० केली तर रुंदी ९६ हवी. स्क्वॅशला उंची ९० केली तर रुंदी १६०. तुम्ही १५० घेतलीत, म्हणून टेकल्यावर तो किंचित आकसतो. पुढच्या उसळ्यांना दाब कमी, उंची १०५ धरलीत तर रुंदी १३७च्या आसपास.

पहिली अडचण क्रितात फार जणांना येते. आकार बदलताना तो मधल्या बिंदूभोवती बदलतो. १२०चा ९० झाला की वरून १५ कमी झाले आणि खालूनही १५. म्हणजे चपट्या चेंडूखाली १५ पिक्सेल हवा आहे. चपटा केल्यावर त्याला १५ पिक्सेल खाली ओढा, तळ जमिनीच्या रेघेला चिकटला पाहिजे. जमिनीची रेघ वेगळ्या लेयरवर कायम दिसती ठेवा, म्हणजे ही चूक लपणार नाही.

आणि टेकण्याच्या जागी मी चित्र दोन फ्रेम धरत नाही. एक फ्रेम स्ट्रेच झालेला, तळ जमिनीला नुसता लागलेला. पुढची फ्रेम पूर्ण चपटा. त्यापुढे लगेच निघालेला. स्ट्रेच आणि स्क्वॅश असे शेजारी-शेजारी आले की धडक बसते.

---

आलेखवाली · बुधवार, सकाळी ९:१०

मी ब्लेंडरमध्ये, म्हणजे तीन मितींच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. चपटं चित्र दोन फ्रेम ठेवलं तर चेंडू मऊ वाटतो, आणि कधी कधी तेच हवं असतं. हवा कमी झालेला फुटबॉल एका फ्रेममध्ये कसा उडेल? त्यामुळे "एकच फ्रेम" हा नियम नको, आधी वस्तू ठरवावी.

ब्लेंडरवाल्यांसाठी एक सांगते, कारण तिथं फुगा वेगळ्याच कारणानं होतो. वर एक कीफ्रेम, म्हणजे आपण ठरवून दिलेली जागा, आणि जमिनीवर एक लावली की सॉफ्टवेअर दोन्हीकडे वेग आपोआप हळू करतं. वर ते बरोबर आहे, जमिनीवर पूर्ण चूक, कारण चेंडू सगळ्यात वेगात असतो तेव्हाच टेकतो. हालचालीची रेघ दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये फक्त जमिनीवरच्या कीफ्रेम निवडून `V` दाबा आणि `Vector` घ्या. वरच्या कमानी गोल राहिल्या पाहिजेत आणि जमिनीवर टोक अणकुचीदार दिसलं पाहिजे. तिथं वाटीसारखा गोलवा दिसला तर चेंडू गादीवर पडतोय असं समजा. आणि तिथला गोळा तीन मितींचा असल्यानं वरचा लांबी-रुंदीचा हिशोब तसाच वापरू नका. उंची कमी केली की रुंदी आणि खोली दोन्ही थोड्या-थोड्या वाढतात.

---

चौकट_चोवीस · बुधवार, दुपारी २:००

मऊ चेंडूला दोन फ्रेम, मान्य. रबरी चेंडूला मी एकच ठेवेन.

---

ओसरीतली_रेघ · बुधवार, रात्री ९:१५

आबांना दाखवलं, काही न सांगता विचारलं, कशाचा आहे? म्हणाले, "रबरी हाय. पण सुटाच्या आधी काऊन थांबते? त्याले पडाचं नाई का?"

हा माझा अँटिसिपेशन. हवेतला तो दाब मी अजून काढला नव्हता. काढू का? मग स्वाध्यायातलं एक तत्त्व जातं. आणि शेवटचं थरथरणं पाहून आई म्हणाली की गुलाबजामसारखं दिसते.

---

चौकट_चोवीस · बुधवार, रात्री १०:४०

तुमच्या आबांनी रोज थोडा वेळ दिला तर ते माझ्यापेक्षा चांगले शिक्षक ठरतील. "त्याले पडाचं नाई का" हाच अँटिसिपेशनचा गाभा आहे.

पडणाऱ्या चेंडूला मन नसतं. त्याला कोणी सोडलं, तो पडला. तयारी तोच करतो ज्याला काही करायचं असतं. गोफण मारणारा आधी हात मागे नेतो, बैल गाडी ओढण्याआधी मान खाली घालून खांदा जुवाला लावतो. हवेतल्या चेंडूला दाब दिलात की तो जिवंत होतो आणि पाहणारा विचारतो, याला काय हवंय? म्हणून या कसरतीत अँटिसिपेशन घालायचं असेल तर गोष्ट बदला. चेंडू ओट्यावर बसलेला आहे आणि त्याला स्वतःहून खाली उडी मारायची आहे.

तिथं असं करून पाहा. आठ फ्रेम घेऊन हळूहळू दबू द्या, उंची १२०वरून ८०पर्यंत, तळ ओट्याला चिकटलेला आणि कल उडी घ्यायच्या उलट दिशेला. ८०ला रुंदी १८० येईल. त्या दाबात चार फ्रेम थांबा. मग एकाच फ्रेमनंतर लांबलेला चेंडू ओट्याच्या बाहेर. तयारी सावकाश, उडी झटक्यात. बहुतेक जण तयारीसुद्धा दोन-तीन फ्रेममध्ये उरकतात, मग ती डोळ्याला मिळतच नाही, नुसता धक्का दिसतो.

आईंचंही बरोबर आहे. थांबल्यावर अंग थरथरणं ही लिबलिबीत वस्तूची खूण आहे. रबरी चेंडू अर्ध्या-एक फ्रेममध्ये गोल होतो आणि मोकळा होतो. नुसत्या चेंडूला मागे राहणारं काही नाही, म्हणून फॉलो-थ्रूही नाही. तो दाखवायचा तर काहीतरी जोडावं लागेल. स्टुडिओत आम्ही शेपटी जोडायचो. तुमच्याकडे बैल आहेत का?

---

ओसरीतली_रेघ · बुधवार, रात्री १०:५५

एक जोडी आहे. पोळ्याच्या झुली आणि गोंडे माळ्यावर ठेवलेत.

---

चौकट_चोवीस · बुधवार, रात्री ११:२५

मग गोंडाच लावा. वीतभर दोरी आणि टोकाला गोंडा. दोरीवर चार खुणा करा. चेंडूला चिकटलेली खूण चेंडूबरोबर हलते, दुसरी एका चित्रानं उशिरा तिथं पोचते, तिसरी आणखी एकानं, गोंडा सगळ्यात शेवटी. पडताना दोरी चेंडूच्या वर राहील. चेंडू टेकला आणि चपटा झाला तेव्हा गोंडा अजून खालीच येत असतो, त्याला कोणी सांगितलेलं नाही की चेंडू थांबला. चेंडू वर निघाला तेव्हा कुठे गोंडा जमिनीवर आपटतो आणि मग ओढला जातो. सगळी दोरी एकाच चित्रात उलटली तर तार वाटेल, हीच नेहमीची चूक.

पहिल्यांदा चेंडू पूर्ण करा, त्याला हात लावू नका आणि मगच वेगळ्या लेयरवर दोरी काढा. दोन्ही एकदम काढायला गेलात तर दोन्ही बिघडतील.

---

आलेखवाली · गुरुवार, सकाळी ८:३०

दोरी मी उलट पद्धतीनं करते. आधी मधली चित्रं न ठरवता पहिल्यापासून ओळीनं काढत जायची, मागच्या चित्रात गोंडा कुठे होता तेवढंच पाहून. खुणांच्या हिशोबानं काढलेली दोरी मला आखीव वाटते. दोन्ही करून बघ आणि दोन्ही इथं टाक.

---

ओसरीतली_रेघ · शनिवार, रात्री १०:२०

ओट्यावरची उडी जमली. दोरी दोन्ही पद्धतींनी केली. खुणांची नीट दिसते पण कडक, ओळीनं काढलेली जिवंत वाटते पण शेवटी-शेवटी लांबच होत गेली, वीतभरची हातभर झाली. दोन प्रश्न राहिलेत. शेवटची एका चित्राची २० पिक्सेलची उसळी चेंडू थरथरल्यासारखी दिसते. आणि चेंडू थांबल्यावर ओट्याच्या कडेला लटकलेला गोंडा किती वेळ झुलवायचा? मी चेंडूसारखंच केलं, झोका लहान झाला की चित्रंही कमी केली. शेवटी गोंडा घाई केल्यासारखा फडफडतो.

---

चौकट_चोवीस · शनिवार, रात्री ११:००

२०ची उसळी काढूनच टाका. ८०नंतर चेंडू थोडा घरंगळत जाऊ द्या.

---

मोबाईल_२४० · रविवार, सकाळी ११:४५

गोंड्यासाठी मी आमच्या बैलाच्या शिंगाला वीतभर दोरीचा गोंडा बांधून चालवला, थांबवला आणि शूट केलं. बैलानं मान हलवली म्हणून तीनदा करावं लागलं. तिसऱ्यांदा नीट आलं.

थांबल्यावर गोंडा पुढे गेला, मागे आला, असे पाच झोके मोजले. पहिला झोका मोठा, पाचवा बोटभर. पण एक पूर्ण झोका प्रत्येक वेळी जवळजवळ एका सेकंदाचाच! मोठा असो का लहान. मला वाटलं मोजण्यात चुकलो, म्हणून घरी खिळ्याला बांधून परत पायलं. तेच.

म्हणजे ताई, चेंडू आणि गोंड्याचा हिशोब एक नाई. चेंडूची उसळी लहान झाली का वेळ कमी होते, गोंड्याचा झोका लहान झाला तरी वेळ तेवढीच राहते. तुझ्या हिशोबानं एका झोक्याला २४ फ्रेम, म्हणजे १२ चित्रं, शेवटपर्यंत. फक्त अंतर कमी करत जा.

---

झेडपी_गुरुजी · रविवार, दुपारी १२:३०

लंबक आहे तो. दोरी आखूड केली तर झोका लवकर होईल. उद्या पोरांना घेऊन आंब्याच्या फांदीला तीन लांबीच्या दोऱ्या बांधतो.

---

ओसरीतली_रेघ · रविवार, रात्री ९:५०

बारा-बारा चित्रं करून पाहिली. फडफड गेली. आता आबा म्हणतात, गोंडा बरोबर हाय, पण चेंडूले गोंडा कायले?